बाबांची एफडी आणि कापलेला एक टक्का

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

साइटवर रोज डायरी लिहायची सवय आहे: किती पोती सिमेंट आलं, स्लॅब कधी भरला, कोण काय म्हणालं. घरच्या कामाची डायरी पहिल्यांदाच उघडतेय. पितृपंधरवडा सुरू झालाय आणि मी बाबांच्या पैशांचा हिशेब मांडून बसलेय, ते आईला फारसं रुचलेलं नाही.

झालंय असं. बाबा जुलैत गेले. भांडुपच्या शाखेत त्यांच्या एकट्याच्या नावावर चार लाखांची एफडी होती, नॉमिनी आई. आईने ३ सप्टेंबरला क्लेम दिला, १२ तारखेला एफडी मोडली गेली आणि रक्कम तिच्या बचत खात्यात आली. क्लेम नऊ दिवसांत झाला, ही गोष्ट चांगलीच. आज पासबुक भरून आणलं तर जमा ४,२९,८५३. बाबांच्या हिशेबाने पस्तीस-छत्तीस हजार व्याज व्हायला हवं होतं.

बाबांचा हिशेब म्हणजे पावतीच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे. दर तीन महिन्यांनी ते एक ओळ वाढवत. शेवटची ओळ जूनची.

२० सप्टेंबर

रात्री पावती घेऊन बसले. १२ जून २०२३, मुदत ३६ महिने, दर ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का धरून ७.००, व्याज तिमाही चक्रवाढ आणि मुदतीअंती. मोडली १२ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे बरोबर पंधरा महिने, पाच तिमाह्या. मधले सुटे दिवस नाहीत, त्यामुळे गणित स्वच्छ बसतं.

```
400000 * (1 + 7.00/400)^5 = 436246.63
```

मिळाले त्यापेक्षा ६,३९४ जास्त व्हायला हवे होते. इतकं कमी कशाने आलं? टीडीएस नसावा, एकूण व्याजच तीस हजारांच्या आत आहे. म्हटलं एक टक्का दंड लावला असेल, म्हणून ६.०० टाकून पाहिलं. ४,३०,९१४ आले. जवळ आहे, पण तंतोतंत नाही, आणि बँकेचं गणित हजार रुपयांनी चुकत नाही. मग दशांशाने खाली उतरत गेले. ५.८० ला रुपयासकट जुळलं.

```
400000 * (1 + 5.80/400)^5 = 429853.28
```

म्हणजे ७ ऐवजी ५.८० लावलाय. सव्वा टक्क्याच्या आसपास दंड? असला तिरपागडा आकडा कुठून आला, ते कळेना. सोमवारी विचारीन.

२३ सप्टेंबर

साइटवर उशिरा येते म्हणून सांगितलं आणि आईला घेऊन साडेदहाला शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन वळवून दाखवली: लागू दर ५.८०, मुदतपूर्व दंड १.००. "मावशी, एफडी मुदतीआधी मोडली की एक टक्का जातोच. नियम आहे."

आई म्हणाली, "अरे, मी कुठे मोडली? हे गेले म्हणून मोडावी लागली."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मागे मोठी रांग होती. मी बंद झालेल्या एफडीचा तपशील छापून मागितला, तो मात्र त्याने लगेच दिला. हा कागद आधीच मागायला हवा होता. पासबुकात फक्त एक जमा रक्कम दिसते, दर दिसत नाही. दर आणि दंड वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात ते इथेच.

२५ सप्टेंबर

बँकेच्या वेबसाइटवर तक्रार टाकली. मजकूर थोडक्यात असा: ठेवीदाराच्या मृत्यूनंतर दंड लावता येत नाही, ठरलेला ७ टक्के दर द्या, फरक ६,३९४ रुपये परत करा. तक्रार क्रमांक मिळाला. मी खूश.

४ ऑक्टोबर

तक्रार "निकाली". उत्तर दीड ओळीचं: ठेव जितका काळ बँकेत होती त्या काळासाठीचा दर लागू केला असून तो बँकेच्या धोरणानुसार आहे. दंडाबद्दल अवाक्षर नाही.

आधी संतापले. मग लक्षात आलं की उत्तर उडवाउडवीचं असलं तरी त्यांना ते द्यायची वाट मीच करून दिली होती. मी दोन मागण्या एकत्र घातल्या. त्यांनी त्यातली जी खोडता येते ती खोडली आणि फाइल मिटवली.

५ ऑक्टोबर, शनिवार

तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. संध्याकाळी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, छापील तपशील पाहिला आणि विचारलं, "जून तेवीसमध्ये एक ते दोन वर्षांच्या एफडीला किती दर होता?"

ते मी पाहिलंच नव्हतं. बँकेच्या साइटवर जुन्या व्याजदरांचं पान आहे. तिथे त्या तारखेला एक ते दोन वर्षांसाठी ज्येष्ठांचा दर ६.८०.

काकांनी माझ्याच कागदाच्या मागे मांडलं. एफडी तीन वर्षांसाठी ठेवली म्हणून ७ टक्के कबूल झाले होते. ती पंधरा महिनेच राहिली, तर ठेवली त्या दिवशी पंधरा महिन्यांसाठी जो दर होता तो मिळणार, किंवा ठरलेला दर, दोन्हींत कमी असेल तो. हा दंड नव्हे. वेळ कमी, म्हणून दर कमी. माणूस गेल्यावर मोडली तरी हा भाग तसाच राहतो. त्या दरातून वर आणखी एक टक्का कापला, तो दंड. माणूस गेल्यावर जो कापायचा नाही, तो हा.

मग त्यांनी माझ्याकडूनच आकडा काढून घेतला.

```
400000 * (1 + 6.80/400)^5 = 435175.82
```

म्हणजे ६,३९४ मधले १,०७१ रुपये मुदत कमी भरल्याचे. ते गेले, आणि बरोबर गेले. उरलेले ५,३२३ दंडाचे. भांडण तेवढ्याचंच. शुक्रवारी रात्री मला जो तिरपागडा १.२० वाटला, तो ०.२० आणि १.०० अशा दोन निराळ्या गोष्टींची बेरीज होता.

काका म्हणाले, "हजार रुपये जास्त मागितलेस की तुझे पाच हजारही खोटे वाटायला लागतात."

दंड लावायचा नाही, याला आधार काय तेही त्यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेचं ९ जून २००५ चं परिपत्रक, मृत ठेवीदारांच्या दाव्यांबद्दलचं. क्रमांक पत्रात लिहायचा म्हणून इथे उतरवून ठेवते:

```
DBOD.No.Leg.BC.95/09.07.005/2004-05
```

त्यात म्हटलंय की ठेवीदार गेल्यास मुदत ठेव आधी मोडता येईल असं कलम बँकांनी खाते उघडण्याच्या फॉर्ममध्येच घालावं, अटी असतील तर त्याही तिथेच सांगाव्यात, आणि अशा मोडण्याला दंड लागणार नाही. वाक्य दंडाबद्दल आहे, दराबद्दल नाही. माझी पहिली तक्रार नेमकी इथे पाय घसरून पडली होती.

ही सवलत मृत्यूसाठीच आहे. बाबा हयात असताना हॉस्पिटलच्या बिलासाठी त्यांनी स्वतः मोडली असती तर हाच एक टक्का कायदेशीर ठरला असता. ते ऐकून बरं वाटलं नाही, पण नियम तसा आहे.

घरी आल्यावर बँकेचं ठेव धोरण उतरवून घेतलं. बावीस पानं. सतराव्या पानावर मृत ठेवीदारांच्या भागात एक वाक्य आहे की अशा वेळी मुदतपूर्व दंड आकारला जाणार नाही. परिपत्रकापेक्षा मला हे वाक्य जास्त कामाचं वाटतं. शाखेतल्या माणसाला रिझर्व्ह बँकेचा नियम लांबचा वाटू शकतो, स्वतःच्या बँकेचं धोरण नाकारता येत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

शाखा व्यवस्थापकांना पत्र दिलं. अर्ज आईच्या नावाने, सही आईची; दावेदार ती आहे, मी नाही. मजकूर मुद्दाम लहान ठेवला:

"माझे पती, आपल्या शाखेचे ठेवीदार, यांच्या निधनानंतर नॉमिनी म्हणून मी दि. ३/९/२०२४ रोजी दावा दाखल केला. त्यानुसार त्यांची मुदत ठेव दि. १२/९/२०२४ रोजी बंद करण्यात आली. ठेव पंधरा महिने राहिल्याने ६.८० टक्के दर मला मान्य आहे. परंतु त्यातून १ टक्का मुदतपूर्व दंड वजा करून ५.८० टक्क्यांनी व्याज दिले आहे. ठेवीदाराच्या मृत्यूनंतर असा दंड लावता येत नाही. सबब ६.८० टक्क्यांप्रमाणे देय ४,३५,१७६ रुपये व दिलेले ४,२९,८५३ रुपये यांतील फरक ५,३२३ रुपये माझ्या बचत खात्यात जमा करावा. दि. २५/९/२०२४ च्या ऑनलाइन तक्रारीतील ६,३९४ रुपयांची मागणी याद्वारे दुरुस्त करीत आहे."

सोबत मृत्यू दाखल्याची प्रत, क्लेमची पोच, एफडी बंद झाल्याचा तपशील, जून २०२३ चं दरपत्रक आणि धोरणाचं सतरावं पान, त्या एका ओळीवर पिवळी खूण करून.

"दर मला मान्य आहे" हे वाक्य आईला खटकलं. "आपणहून कशाला मान्य करायचं?" ती म्हणाली. मी म्हटलं, तेच वाक्य आपलं काम करणार आहे.

व्यवस्थापक बाई शांत होत्या. पत्र पूर्ण वाचलं, पिवळी ओळ दोनदा वाचली. म्हणाल्या, "खातं बंद झालंय, आता सिस्टिममध्ये मागे जाता येत नाही. फरकाची रक्कम व्याज म्हणून वेगळी द्यावी लागेल आणि त्याला विभागीय कार्यालयाची मंजुरी लागते. पाठवते." दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. शिक्क्यावर तारीख पुसट उमटली होती, म्हणून पेनाने पुन्हा लिहून घेतली. बँकेच्या उत्तरासाठीचे तीस दिवस या तारखेपासून मोजायचेत.

८ ऑक्टोबर

तेच पत्र, तेच कागद बँकेच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांना ईमेलने. दुसरं काही नाही.

१६ ऑक्टोबर

दुपारी स्लॅबच्या सळ्या तपासत होते, तेवढ्यात विभागीय कार्यालयातून फोन. "मॅडम, तुमच्या आईंनी स्वतः मुदतपूर्व परतफेडीची विनंती सही करून दिलीय. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलंय. म्हणून सिस्टिमने दंड घेतला."

हे मला माहीतच नव्हतं. १२ सप्टेंबरला आईबरोबर धाकटा भाऊ गेला होता. संध्याकाळी त्याला विचारलं. तो म्हणाला, क्लेम फॉर्मशिवाय अर्ध्या पानाचा आणखी एक फॉर्म दिला होता. काउंटरवाला म्हणाला इथे सही करा, आईने केली. बाकीचं काउंटरवाल्याने स्वतः भरलं.

चूक शिरली ती इथून. एफडी बंद करताना सिस्टिमला कारण द्यावं लागतं. 'ठेवीदाराचा मृत्यू' निवडलं तर दंड शून्य. नेहमीचं 'ग्राहकाची विनंती' निवडलं तर एक टक्का आपोआप. काउंटरवरच्या माणसाने रोजच्या सवयीचा फॉर्म पुढे केला आणि रोजच्या सवयीचं कारण निवडलं. कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पण आता तोच अर्धा कागद आमच्याविरुद्ध पुरावा होऊन बसलाय.

१७ ऑक्टोबर

शाखेत जाऊन त्या अर्ध्या पानाची प्रत मागितली. वर "ठेवीदाराची सही" असं छापलेलं, खाली आईची सही. आईचं अक्षर गोल, मोठं, सातवीच्या मुलीसारखं. रकान्यातलं "घरगुती अडचण" बारीक, उजवीकडे झुकलेलं आणि निळ्या शाईत. आईची सही काळ्या. भाऊ म्हणतो, काळं पेन त्याचं होतं.

पण शाईवरून भांडायचं नाही असं ठरवलं. काउंटरवरच्या मुलाला गोत्यात आणून आम्हाला काय मिळणार? मुद्दा त्याहून साधा आहे आणि तोच ईमेलमध्ये लिहिला: माझी आई ठेवीदार नव्हती. ठेवीदार हयात असता तर तिला या एफडीला हातही लावता आला नसता. ती मोडण्याचा अधिकार तिला आला तो बाबांच्या मृत्यूमुळे आणि बँकेने तिचा दावा मान्य केला म्हणून. त्यामुळे फॉर्मवर कारण काहीही लिहिलेलं असो, ही एफडी ठेवीदाराच्या मृत्यूमुळेच बंद झाली आहे. क्लेमचा क्रमांक आणि ३ सप्टेंबर ही तारीख पुन्हा दिली. फॉर्म १२ चा, क्लेम ३ चा. आधी क्लेम, मग फॉर्म, हा क्रम त्यांच्याच कागदांवर आहे.

काकांना दाखवलं. ते फक्त "हं" म्हणाले. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

२५ ऑक्टोबर

पहिल्या तक्रारीला आज तीस दिवस झाले. भावाचं म्हणणं, आता सरळ लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी बँकेकडे तक्रार करावी लागते. बँकेने ती फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, की `cms.rbi.org.in` वर फुकट दाखल करता येते, आणि त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. म्हणजे आमची तर ४ ऑक्टोबरलाच फेटाळली गेली आहे.

पण मी थांबले. फेटाळली गेली ती ६,३९४ ची तक्रार, चुकीच्या आकड्याची. तीच वर नेली तर तिथेही पहिला प्रश्न तोच येईल. बरोबर आकड्याची तक्रार ७ ऑक्टोबरची आहे, तिचे तीस दिवस ६ नोव्हेंबरला भरतात. वर्ष हातात असताना बारा दिवसांची घाई कशाला. फॉर्मचा मजकूर मात्र लिहून ठेवला आणि कागद एका पीडीएफमध्ये जोडून ठेवले.

नोडल अधिकाऱ्यांना तीन ओळींचं स्मरणपत्र पाठवलं, ६ नोव्हेंबर ही तारीख लिहून. धमकीची भाषा नाही, नुसती तारीख. त्यात एक वाक्य जास्तीचं घातलं: दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारायचा असेल तर तो आपल्या अंतर्गत लोकपालांकडे तपासून मगच कळवावा. मोठ्या बँकांना ते करावंच लागतं, आणि ४ तारखेच्या दीड ओळीत तसा उल्लेख नव्हता.

३० ऑक्टोबर

व्यवस्थापक बाईंचा फोन. मंजुरी आली. दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, त्यानंतर जमा होईल. "कारण बदलून नोंद केलीय," म्हणाल्या. आईला सांगितलं. ती चकलीचा सोऱ्या पुसून पुन्हा वर ठेवत होती, या वर्षी फराळ करायचा नाही म्हणून. म्हणाली, "जमा झाले की सांग."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेचारला आईच्या मोबाइलवर मेसेज. ५,३२३ जमा.

हे पैसे नॉमिनी म्हणून आईकडे आलेत. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारी व्यक्ती. हक्क वारसांचा, म्हणजे आम्हा तिघांचा. भाऊ आणि मी आमचा भाग आईकडेच राहू दे म्हणून आधीच सांगितलंय. तरी हिशेबाच्या वहीत मूळ ठेवीच्या खालीच ही रक्कम लिहिली, म्हणजे पुढे कुणाला ती सुटी, कुठूनतरी आलेली वाटणार नाही. व्याजच आहे, त्यामुळे आयकरासाठीही ती व्याजातच धरायची.

११ नोव्हेंबर

पासबुक भरून आणलं. जमा रकमेपुढे फक्त व्याजातला फरक एवढाच उल्लेख, पण क्लेमचा क्रमांक आहे. तेवढं पुरे.

राहता राहिला एक मुद्दा. हे ५,३२३ रुपये १२ सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर, ५७ दिवस बँकेकडे अडकले होते. त्याचं व्याज मागायचं का? बचत खात्याचा तीन टक्के दर धरून मोजलं तर २५ रुपये होतात. आई पासबुक पिशवीत ठेवत म्हणाली, "शाखेपर्यंत रिक्षाला जातानाच तेवीस पडतात." मग आम्ही चालतच घरी आलो.